जोडसेलचं गणित : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या मुलाच्या ६५ वॅटच्या फोनमध्ये म्हणे दोन बॅटऱ्या आहेत. एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या दोन नळांनी भरल्या की लवकर भरतात, तसंच ना हे? म्हणजे प्रत्येक बॅटरीवर निम्माच ताण? (नाशिक)

टाकीचा दृष्टान्त नेहमी ऐकू येतो. पण त्यातून निघणारा ‘निम्मा ताण’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. सेलला वॅट निम्मे मिळतात हे खरं, पण सेलही निम्माच असतो.

वनप्लस ८टी हा २०२० सालचा फोन घेऊ. त्यात ४५०० एमएएचची बॅटरी २२५० एमएएचच्या दोन सेलमध्ये विभागलेली आहे आणि चार्जरवर १० व्होल्ट, ६.५ अँपिअर असं लिहिलेलं असतं. सेलवर किती ताण येतो हे ठरवताना करंटला क्षमतेने भागतात. इथे ६.५ भागिले २.२५, म्हणजे सुमारे २.९. आता त्याच फोनात ४५०० एमएएचचा एकच सेल आहे असं समजा. तेवढेच ६५ वॅट ५ व्होल्टला द्यायचे तर करंट १३ अँपिअर लागेल. १३ भागिले ४.५, उत्तर पुन्हा २.९. सेलच्या आतल्या लिथियमला दोन्हीकडे सारखीच धावपळ करावी लागते.

मग विभागून मिळवलं काय? फायदा होतो तो सेलपर्यंत येणाऱ्या वाटेवर. हे दोन सेल एकामागे एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडलेले असतात. त्यामुळे व्होल्टेजची बेरीज होते आणि तोच करंट दोन्ही सेलमधून जातो. तेवढेच वॅट निम्म्या करंटमध्ये बसतात. वायर, कनेक्टर, सर्किट बोर्ड आणि सेलची धातूची पट्टी तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. या सगळ्या वाटेचा रोध समजा २० मिलिओहम आहे. १३ अँपिअरला तिथे सुमारे ३.४ वॅट उष्णता तयार होईल, ६.५ अँपिअरला फक्त ०.८५ वॅट. करंट निम्मा झाला की उष्णता पाव होते. बंद डब्यासारख्या फोनमध्ये हा अडीच वॅटचा फरक हाताला जाणवतो.

हा उपाय अचानक सुचलेला नाही. ओप्पोने २०१४ मध्ये फाइंड ७ या फोनबरोबर ‘व्हूक’ चार्जिंग आणलं, त्यात व्होल्टेज कमी-जास्त करण्याचं काम फोनमधून काढून चार्जरकडे दिलं होतं. एरवी फोनमधली चिप येणारं व्होल्टेज बॅटरीजोगं उतरवते आणि त्या खटाटोपात स्वतः तापते. व्हूकमध्ये चार्जरच बॅटरीला हवं तेवढं व्होल्टेज पाठवतो, त्यामुळे ती उष्णता भिंतीजवळच राहते. पण एका सेलसाठी ५ व्होल्टच्या आसपास राहायचं, तर वॅट वाढवायला करंटच वाढवावा लागतो. २०१८ च्या अखेरीस वनप्लस ६टी मॅक्लारेन आवृत्ती ५ व्होल्ट, ६ अँपिअर, म्हणजे ३० वॅटपर्यंत आली. टाइप-सी केबलची नेहमीची मर्यादा ३ अँपिअर आणि ओळख-चिप बसवलेल्या केबलची ५ अँपिअर असते हे लक्षात घेतलं, तर ६ अँपिअर म्हणजे आधीच खास केबल आणि खास कनेक्टरचं काम होतं. त्यापुढे १३ अँपिअर नेणारी केबल रोज कोण वापरणार?

त्याच वर्षी ओप्पोने फाइंड एक्सच्या लॅम्बोर्गिनी आवृत्तीत १७०० एमएएचचे दोन सेल सीरिजमध्ये बसवले आणि १० व्होल्ट, ५ अँपिअरने ५० वॅट गाठले. करंट जवळपास जुनाच, वॅट मात्र दुपटीच्या घरात. जोडसेलची खरी करामत ती हीच.

प्रश्न : दुरुस्तीवाल्याने फोन उघडून दाखवला. बॅटरीवर २२५० एमएएच छापलंय, खोक्यावर ४५०० होतं. शिवाय चार्जिंग मोजणारं अ‍ॅपसुद्धा निम्मेच वॅट दाखवतं. फसवलं का? (कोल्हापूर)

नाही. सीरिजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते, एमएएचची होत नाही. २२५० एमएएच आणि सुमारे ७.७४ व्होल्ट यांचा गुणाकार केला तर १७.४ वॅट-तास होतात. ४५०० एमएएच आणि ३.८७ व्होल्टचंही उत्तर तेच. दोन बॅटऱ्यांची तुलना करायची असेल तर नेहमी वॅट-तास बघावेत.

अ‍ॅपचीही तीच गडबड आहे. अँड्रॉइड त्याला अनेकदा एकाच सेलचं व्होल्टेज सांगतं, समजा ४.१ व्होल्ट. अ‍ॅप त्याला ६ अँपिअरने गुणतं आणि २५ वॅट दाखवतं. खरे वॅट दुप्पट असतात. खात्री करायची असेल तर केबलच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर मिळतो. मात्र तो एवढा करंट सोसणारा आणि फोन-चार्जरमधलं बोलणं न तोडणारा हवा, नाहीतर मीटर लावला म्हणूनच वेग उतरतो आणि आपण फोनला दोष देतो.

प्रश्न : १२० वॅटचा फोन. हिशोबाने दहा मिनिटांत भरायला हवा. जाहिरातीत १७ मिनिटं लिहिलीत आणि मे महिन्यात तर अर्धा तास लागतो. (चंद्रपूर)

तुमचा हिशोब बरोबर आहे. ५००० एमएएच म्हणजे साधारण १९.३ वॅट-तास. सतत १२० वॅट मिळाले तर दहा मिनिटांच्या आतच काम व्हावं. शाओमीने ११टी प्रोसाठी १७ मिनिटांचा दावा केला होता, म्हणजे सरासरी ७० वॅटच्याही आतली पडते. १२० हा आकडा शिखराचा आहे, आणि त्या शिखरावर फोन थोडाच वेळ असतो.

त्याचं कारण सेलच्या आत आहे आणि तिथे जोडसेल काहीच मदत करत नाही. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. थर रिकामे असतात तोवर बऱ्याच वेगाने पाठवले तरी ते जागा शोधतात. थर भरत आले की मागून येणाऱ्यांना आत शिरायला वेळ लागतो. तरीही रेटलं तर लिथियम आत जाण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन बसतं. तेवढी क्षमता बहुतेक कायमची जाते, आणि थर वाढत गेला तर शॉर्टसर्किटचा धोकाही असतो. म्हणून सेलचं व्होल्टेज ४.४ च्या पुढे सरकू लागलं की फोन व्होल्टेज धरून ठेवतो आणि करंट पायरीपायरीने उतरवतो. शेवटच्या दहा टक्क्यांना एवढा वेळ का लागतो, ते इथे कळतं.

चंद्रपूरचा मे हे वेगळंच प्रकरण आहे. कंपन्या आकडे काढतात ते साधारण २५ अंशांच्या खोलीत. तुमच्या खोलीत चाळीस अंश असतील तर बॅटरी सुरुवातीलाच तापलेली असते आणि तापमान मोजणारे सेन्सर पहिल्या एक-दोन मिनिटांतच वॅट कमी करायला सांगतात. कव्हर काढा, फोन गादीवर ठेवू नका, शक्य असेल तर कूलरसमोर ठेवा. फोन फ्रिजमध्ये मात्र नको. थंडीत लिथियम थरांमध्ये आणखी सावकाश शिरतं, शिवाय बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

प्रश्न : घरातल्या जुन्या साध्या चार्जरवर हा फोन माझ्या जुन्या फोनपेक्षाही हळू चार्ज होतो असं वाटतं. भास आहे का? (पुणे)

भास नाही. सीरिजमधल्या दोन सेलचं व्होल्टेज ७ ते ९ च्या दरम्यान असतं आणि जुना चार्जर ५ व्होल्ट देतो. फोनला ते आधी चढवावं लागतं. या कामासाठी आतली सोय बेताचीच असते, कारण कंपनीने सगळा भर स्वतःच्या चार्जरवर दिलेला असतो. केबल बदलली तरी वेग जातो. चार्जर आधी केबलची ओळख विचारतो आणि ती पटली नाही तर जास्त करंट सोडतच नाही. हा नियम त्रासदायक वाटला तरी मला योग्य वाटतो. जाड तारेच्या भरवशावर सोडलेला करंट बारीक तारेतून गेला तर प्लग वितळतो.

प्रश्न : फोन १८ टक्क्यांवर असताना अचानक बंद पडतो. चार्जर लावला की पुन्हा १८ च दाखवतो. दोनपैकी एक सेल गेला असेल तर तेवढाच बदलता येईल? (ठाणे)

एकटा सेल बदलू नका, आणि कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तर त्याच्याकडे फोनही देऊ नका.

समजा एका सेलची क्षमता घसरून १९०० एमएएच झाली आणि दुसऱ्याची २२०० राहिली. दोघांतून करंट सारखाच वाहतो. वापरताना अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि त्याचं व्होल्टेज धोक्याच्या पातळीखाली गेलं की संरक्षण-सर्किट फोन बंद करतं. दुसऱ्या सेलमध्ये अजून ३०० एमएएच शिल्लक असतात, पण ते बाहेर काढायला वाटच नसते. चार्ज करतानाही तोच अशक्त सेल व्होल्टेजच्या मर्यादेला आधी पोचू शकतो आणि दुसऱ्याला पूर्ण भरण्याआधीच थांबवतो. म्हणून कारखान्यात सारख्या क्षमतेचे आणि सारख्या अंतर्गत रोधाचे सेल निवडून जोड्या लावतात. फोनमध्ये तोल साधणारं सर्किटही असू शकतं. पण ते थोडासा फरक मिटवतं, म्हातारपण नाही.

तुम्ही सांगता ती लक्षणं एकच सेल असलेल्या जुन्या बॅटरीतही दिसतात, तेव्हा निदान मोजूनच करायला हवं. फोन तासभर नुसता ठेवून दोन्ही सेलचं व्होल्टेज वेगवेगळं मोजायला सांगा. फरक काही मिलिव्होल्टचा असेल तर जोडी शाबूत असण्याची शक्यता जास्त. शंभर मिलिव्होल्टच्या घरात गेला असेल तर पूर्ण जोड बदला, तीही त्याच मॉडेलसाठी बनवलेली. नवा आणि जुना सेल एकत्र बांधले तर वरचा सगळा घोळ पहिल्या दिवसापासून सुरू होतो.

प्रश्न : शाओमी १२ प्रोमध्ये एकच सेल आहे, तरी तो १२० वॅटने चार्ज होतो. मग जोडसेल घ्यावाच कशाला? (सोलापूर)

एका सेलला हे जमतं ते चार्ज पंप नावाची चिप सुधारली म्हणून. तिच्यात कपॅसिटर आधी सीरिजमध्ये भरले जातात आणि मग समांतर जोडून रिकामे केले जातात, त्यामुळे व्होल्टेज निम्मं आणि करंट दुप्पट होतो. यात सुमारे दोन-तीन टक्केच ऊर्जा वाया जाते. जोडसेलच्या १२० वॅटच्या फोनमध्येही हीच युक्ती असते. केबलमधून २० व्होल्ट, ६ अँपिअर येतात आणि पंप ते १० व्होल्ट, १२ अँपिअर करतात. एकाच सेलसाठी व्होल्टेज आणखी खाली आणावं लागतं आणि शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये वीसहून जास्त अँपिअर वाहतात. त्यासाठी सेलच्या पट्ट्या रुंद, जास्त आणि नीट जागी जोडलेल्या लागतात.

बदल्यात जागा वाचते. दोन सेल म्हणजे दोन पाकिटं, दोघांच्या सीलबंद कडा, मध्ये फट. त्या जागेत थोडी जास्त क्षमता बसली असती. शिवाय फोनच्या बाकी चिपना ४ व्होल्टच्या आसपास वीज लागते, त्यामुळे जोडसेलचं व्होल्टेज दिवसभर निम्मं करत राहावं लागतं आणि प्रत्येक वेळी थोडी घट येते.

त्यामुळे खरेदी करताना सेल एक की दोन याला मी फार महत्त्व देत नाही. किती वेळा चार्ज केल्यावर ८० टक्के क्षमता उरते याचा आकडा कंपनी देते का, ते बघतो. ओप्पोने २०२२ मध्ये १५० वॅटच्या तंत्राबरोबर १६०० वेळांचा दावा केला होता. दावा कंपनीचाच आहे, पण रोज एकदा चार्ज केलं तर चार वर्षांहून जास्त काळ होतो. असा आकडा कुठेच छापलेला नसेल आणि वॅट मात्र मोठ्या अक्षरांत असतील, तर मी तो फोन परत ठेवतो.