ताळा जमतो, तरी उत्तर चुकतं

प्रश्न: मुलगी दहावीत आहे. समीकरणं सोडवणं चोख, ताळाही बरोबर येतो, तरी शाब्दिक गणितात उत्तर चुकतं. चूक आधीच कशी पकडायची?

ताळा ती कुठे करतेय ते बघा. बहुतेक स्वतःच्याच समीकरणात किमती घालून बघत असणार. मांडणी चुकली असली तरी तो ताळा जमणारच.

नौपाड्यात माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचं उदाहरण देते. मी दिलेलं गणित असं: सोसायटीच्या बालनाट्याला मोठ्यांचं तिकीट ५० रुपये, मुलांचं २०. मुलांची तिकिटं मोठ्यांच्या तिप्पट खपली, एकूण १८७० रुपये जमले. तिने मोठ्यांसाठी x, मुलांसाठी y धरलं आणि लिहिलं:

```
50x + 20y = 1870
3y = x
```

पुढे 170y = 1870, म्हणून y = 11, x = 33. एकही पायरी चुकीची नाही. १६५० अधिक २२०, बेरीजही १८७०. उत्तर अपूर्णांकात आलं असतं तर तिला शंका तरी आली असती. (एकूण रक्कम मी मुद्दाम तशी निवडली होती!) खरं उत्तर मोठ्यांची १७ आणि मुलांची ५१ तिकिटं.

मी विचारलं, "x म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "मोठे." इथेच घोळ होता. अक्षर तिच्या लेखी संख्या नव्हतं, नावाची चिठ्ठी होतं. "एका मोठ्यामागे तीन मुलं" हे चित्र डोक्यात बरोबर होतं आणि तिने ते जसंच्या तसं 3y = x असं उतरवलं. खरं तर y हा आकडा मोठा आहे, x ला तिनाने गुणावं तेव्हा तो मिळतो. म्हणून y = 3x. ही फक्त कच्च्या मुलांची चूक नाही. अमेरिकेत जॉन क्लेमंट यांनी अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांना 'प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी' हे समीकरणात लिहायला सांगितलं, तर एक तृतीयांशाहून जास्त जण चुकले, बहुतेकांनी असंच उलटं लिहिलं.

म्हणून सोडवायला घेण्याआधी मी एकच गोष्ट करून घेते. समीकरण झाकायचं आणि वाक्य वाचून सांगायचं: मोठ्यांची १० खपली तर मुलांची किती? ती पटकन "तीस" म्हणाली. मग झाकलेलं उघडून x = 10, y = 30 घालायला लावलं. डावीकडे ९०, उजवीकडे १०. ती स्वतःच म्हणाली, "बाई, हे उलटं झालंय." आकडे कुठलेही चालतात, १८७० जमायची गरज नाही, कारण आपण फक्त 'तिप्पट'चं समीकरण तपासतोय.

मात्र मुलगी "मोठे दहा, तर मुलं तीन-साडेतीन" म्हणाली, तर ही युक्ती चालणार नाही. तिथे समीकरण नाही, वाक्यच उलटं वाचलं गेलंय. मग वही बाजूला ठेवून, कोणाची तिकिटं जास्त खपली एवढंच आधी विचारा.