नोटिशीची मुदत आणि ‘त्याऐवजी वेतन’

प्रश्न: नोकरीच्या एका इंग्रजी कराराचा मराठी अनुवाद करतो आहे. दोन्ही पक्षांना तीस दिवसांची लेखी नोटीस ‘किंवा त्याऐवजी वेतन’ अशी सोय आहे, आणि कंपनीला ‘विदाउट कॉज’ही करार संपवता येतो. ‘नोटीस पिरियड’ला सूचना कालावधी आणि ‘टर्मिनेशन’ला बडतर्फी चालेल का? वकिलांकडून काय तपासून घ्यावं?

‘बडतर्फी’ आधी काढा. बडतर्फी ही शिक्षा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या दोन वेगळ्या शिक्षा आहेत, आणि दुसरीनंतर पुन्हा सरकारी नोकरीचं दार सहसा बंद होतं. ते नियम खासगी कराराला लागू नाहीत, पण शब्दाला चिकटलेला ठपका लागू होतोच. शिवाय तुमचं कलम दोन्ही बाजूंचं आहे. कर्मचारी कंपनीला बडतर्फ कसा करणार? वाक्यात ‘करार संपुष्टात आणणे’ आणि कलमाच्या शीर्षकात ‘सेवासमाप्ती’ लिहा.

‘सूचना कालावधी’ चुकीचा नाही, पण मराठीत सूचना म्हणजे सल्लाही आणि आदेशही. ‘नोटिशीची मुदत’ लिहिलं की कुणी अडखळत नाही. जो शब्द घ्याल तो शेवटपर्यंत तोच ठेवा. एका परिच्छेदात नोटीस आणि पुढच्यात पूर्वसूचना आली, तर वाचणारा त्या दोन निरनिराळ्या गोष्टी समजेल.

खरी मेख ‘त्याऐवजी वेतन’मध्ये आहे. मूळ इंग्रजी वाक्यात ते वेतन कोण देणार हे उघड नसलं, तरी वाक्य उभं राहतं. मराठीत तसं सुटता येत नाही. ‘कोणताही पक्ष ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन किंवा त्याऐवजी वेतन देऊन करार संपुष्टात आणू शकेल’ असं लिहिलंत की ‘देऊन’चा कर्ता ‘कोणताही पक्ष’ होतो. म्हणजे कर्मचारीही तीस दिवसांची रक्कम भरून उद्यापासून मोकळा. कंपनीला कदाचित हेच हवं असेल, कदाचित पैसे देऊन मुदत टाळायची मुभा फक्त स्वतःसाठी ठेवायची असेल. हा निर्णय अनुवादकाने घ्यायचा नाही. मुभा फक्त कंपनीला असेल तर वाक्य तोडा: ‘कोणताही पक्ष ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन हा करार संपुष्टात आणू शकेल. नोटिशीऐवजी तेवढ्या दिवसांचे वेतन देण्याचा पर्याय केवळ कंपनीस राहील.’ वेतन म्हणजे मूळ वेतन की भत्त्यांसह एकूण, हेही इथेच विचारा. करारात वेतनाची व्याख्या असेल तर तिचाच शब्द वापरा.

तीस दिवसांचा ‘एक महिना’ करू नका, कानाला बरा वाटला तरी. लीप नसलेल्या वर्षी ३१ जानेवारीला नोटीस दिली आणि पहिला दिवस वगळून मोजलं, तर तीस दिवस २ मार्चला भरतात. महिना मात्र २८ फेब्रुवारीलाच संपला असं म्हणता येईल. तीच नोटीस ३ फेब्रुवारीला हातात पडली आणि मुदत तिथून धरली, तर ५ मार्च. म्हणून ‘नोटीस दिल्यापासून’ आणि ‘नोटीस मिळाल्यापासून’ यांची अदलाबदल करू नका. मूळ मजकूर यावर गप्प असेल तर अनुवादातही गप्प राहा आणि समासात वकिलांसाठी खूण करा.

‘विदाउट कॉज’ला ‘विनाकारण’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. विनाकारण काढणं म्हणजे अन्याय, आणि कुठली कंपनी तो स्वतःच्या करारात कबूल करेल? ‘कारण न देता’ हेही पुरतं जुळत नाही: त्यात कारण असू शकतं, फक्त सांगायचं नसतं. इंग्रजीत बहुधा अभिप्रेत असतं ते ‘कर्मचाऱ्याची कसूर नसतानाही’. त्या करारात ‘कॉज’ची व्याख्या गैरवर्तन वगैरे यादीने केली असेल, तर ‘कलम अमुकमध्ये नमूद केलेल्या कारणांशिवाय’ हे सर्वांत सुरक्षित.

वकिलांना ‘अनुवाद बरोबर आहे का?’ असं मोघम विचारलंत, तर मोघमच उत्तर मिळेल. वेतन देऊन सुटायची मुभा कुणाला, वेतन कोणतं आणि मुदत कधीपासून मोजायची, हे तिन्ही लेखी विचारा. मग कायद्याचा भाग: या पदाला लागू असलेल्या कायद्यात नोटिशीची किमान मुदत याहून जास्त आहे का, आणि कसूर नसताना काढायला किंवा गैरवर्तनासाठी चौकशीविना काढायला तो मनाई करतो का. तसं असेल तर तुमचं मराठी कितीही काटेकोर असलं तरी कलम तेवढ्यापुरतं टिकणार नाही. दुरुस्ती आधी मूळ इंग्रजीत व्हावी लागेल. आणि दोन्ही भाषांतल्या प्रतींवर सह्या होणार असतील, तर तफावत आढळल्यास कोणती प्रत ग्राह्य धरायची, हे करारातच लिहून घ्यायला सांगा.