पात्रांच्या नावांवरून निबंधात मुद्दा मांडावा का?

प्रश्न: एमएला आहे, सांगलीत. देवलांच्या नाटकांवर निबंध लिहितोय. पात्रांच्या नावांच्या अर्थावर मुद्दा उभा केला तर चालेल का?

चालेल, पण आधी सगळी नावं एका कागदावर मांडा. ‘संशयकल्लोळ’मध्ये फाल्गुनराव, आश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या हे पुरुष महिन्यांचे, रेवती, कृत्तिका या बायका नक्षत्रांच्या. म्हणजे हा नावं ठेवण्याचा एक खेळ आहे. ‘फाल्गुन म्हणजे शिमगा, म्हणून हा संशयी’ असं लिहिलंत तर अडकाल, कारण कृत्तिकाही तितकीच संशयी आहे आणि तिच्या नावात शिमगा नाही.

‘शारदा’ (१८९९) वेगळं. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला बाप कांचनभट, आणि कांचन म्हणजे सोनं. म्हातारा नवरदेव भुजंगनाथ. भुजंग म्हणजे साप, शिवाय संस्कृतात स्त्रीलंपट पुरुषालाही भुजंग म्हणतात. इथे नाव आणि कृती एकाच दिशेला जातात, तेही एका नाही तर दोन पात्रांत. हा मुद्दा टिकतो.

पण शारदा म्हणजे विद्येची देवता, म्हणून नाटक स्त्रीशिक्षणाचं, असं मात्र लिहू नका. ते मुलींचं रोजचं नाव आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच करायला सांगते: परिच्छेदातलं नावाचं वाक्य खोडा आणि उरलेलं वाचा. कांचनभटाचा लोभ त्याच्या व्यवहारातून दिसतच राहतो, नाव फक्त त्याला दुजोरा देतं. फाल्गुनरावाच्या त्या परिच्छेदात मात्र काहीच उरत नाही.