पतीच्या कर्जाची नोटीस: पीएफमधून फेडायचं का?

*प्रश्न: माझे पती मार्चमध्ये हृदयविकाराने गेले. त्यांच्या एकट्याच्या नावावरच्या वैयक्तिक कर्जाचे ३,८४,००० रुपये बाकी आहेत. वसुलीची नोटीस आली, पाठोपाठ बँकेतल्या क्लार्कचं पत्रही आलं. वारस म्हणून रक्कम मी भरायची, सोबतच्या संमतिपत्रावर सही केली की हप्ते बांधून देऊ, असं त्यात आहे. नॉमिनी म्हणून मला त्यांच्या पीएफचे ५,६०,००० मिळालेत. त्यांच्या नावावर त्याच बँकेत १,२०,०००ची एफडी, बचत खात्यात ४६,००० आणि साधारण ३५,०००ची स्कूटर आहे. घर भाड्याचं, मुलगा बारावीला. त्यांच्या नावाला डाग लागू नये म्हणून पीएफमधून सगळं फेडून टाकू का?*

ताई, नका फेडू. आणि त्या संमतिपत्रावर आत्ता सहीही करू नका.

पत्र लिहिणाऱ्याने बाकी आणि व्याज नीट मांडलं असेल, त्याचा हेतूही चांगला असेल. पण एक गोष्ट त्यात राहून गेली आहे: या कर्जाला विमा होता का? अशी कर्जं देताना अनेकदा विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातूनच कापून घेतात. कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा मागा. मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम यांत फरक असेल, तर तो कशापोटी कापला ते विचारा. विमा निघाला तर बाकी विमा कंपनीने बँकेला द्यायची असते. मात्र काही पॉलिसी फक्त अपघाती मृत्यूच्या असतात, म्हणून पॉलिसीची प्रतही मागून घ्या. त्यांचं पासबुकही पाहा. गेल्या वर्षी मेअखेरीस ४३६ रुपये वजा झाले असतील, तर ती पंतप्रधान जीवनज्योती विमा योजना आहे. तिचे २ लाख नॉमिनीला मिळतात. तो दावा मृत्यूनंतर लवकर करायचा असतो, त्यामुळे तो आधी हाती घ्या.

दुसरा कागद म्हणजे मूळ कर्ज करारनाम्याची प्रत. कर्ज एकट्याच्या नावावर होतं असं आपण म्हणतो, पण घाईत कुठेतरी सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून बायकोची सही घेतलेली असते आणि तिला ते आठवतही नाही. तशी सही असेल तर बाकी तुमच्याकडून व्यक्तिशः वसूल होऊ शकते. मग माझा सल्ला बदलेल.

सही नसेल, तर तुमची जबाबदारी वारसाहक्काने जेवढं हाती आलं तेवढ्यापुरतीच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५२ प्रमाणे मृत कर्जदाराविरुद्धची वसुली त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून होते, वारसाच्या स्वतःच्या पैशातून नाही. तुमच्या बाबतीत ही मालमत्ता म्हणजे एफडी, बचत खातं आणि स्कूटर, मिळून २,०१,०००. पीएफ यात धरायचा नाही. पीएफच्या कायद्यानुसार ती रक्कम सभासदाच्या कर्जापासून मुक्त होऊन नॉमिनीकडे येते. म्हणजे विमा नाही निघाला, तरी बँक फार तर २,०१,०००पर्यंत पोहोचते. उरलेल्या १,८३,०००साठी तिला तुमच्या पैशाला हात लावता येत नाही. संमतिपत्राचा धोका इथेच आहे. ‘हे कर्ज मी फेडीन’ असं तुम्ही लिहून दिलंत, तर ही मर्यादा तुम्ही स्वतःच सोडून दिली, असं बँक म्हणू शकेल.

एक सावधगिरी मात्र हवी. त्यांची स्कूटर विकून किंवा एफडी मोडून ते पैसे घरखर्चात गेले आणि त्याचा हिशेब देता आला नाही, तर तेवढ्या रकमेपुरत्या तुम्ही व्यक्तिशः अडकता. म्हणून यांतलं काही विकू नका, मोडू नका. एफडी आणि बचत खातं त्याच बँकेत असल्याने ती ते पैसे कर्जात वळते करून घेऊ शकते. त्याची तयारी ठेवा.

डाग लागण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला वाईट वाटलं. त्यांनी जे मागे ठेवलं त्यातून बँकेचं देणं दिलं की त्यांच्या बाजूने होण्यासारखं सारं झालं. पीएफ हा त्यांच्या पगारातून साठलेला पैसा आहे आणि कायद्याने तो मुद्दाम घरच्यांसाठी राखला आहे. मुलाची फी आणि पुढच्या वर्षांचं भाडं त्यातूनच निघायचं आहे. ३,८४,००० भरलेत तर हातात १,७६,००० उरतील आणि पुढच्या अडचणीला तुम्हालाच कर्ज काढावं लागेल.

आता शाखाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या. त्यात मृत्यू दाखल्याची प्रत जोडा, खातेउतारा, करारनामा आणि विम्याची कागदपत्रं मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. विमा नाही असं लेखी उत्तर आलं, तर मालमत्तेची यादी देऊन तेवढ्या रकमेत अंतिम तडजोड मागा आणि पैसे देण्याआधी ‘बाकी काही नाही’ असा दाखला मिळेल हे लेखी घ्या. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. तसे फोन आले तर वेळ टिपून ठेवा आणि बँकेत लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तिला शुल्क नाही.