फोबिया: सामना करताय, पण आधार सोडलेत का?

कुत्रा दिसला की मी रस्ता बदलते. एक्स्पोजरची, म्हणजे भीतीचा पायरीपायरीने सामना करण्याची, सुरुवात नेमकी कशाने करायची?

आधी मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटून निदान पक्कं करा. मग कागद घ्या आणि कुत्र्याशी संबंधित आठ-दहा प्रसंग लिहून प्रत्येकापुढे शून्य ते शंभरपैकी भीतीचा आकडा टाका. उदाहरणार्थ, छायाचित्र 20, आवाजासह व्हिडिओ 35, पट्टा लावलेला कुत्रा रस्त्यापलीकडे 50, तोच दहा पावलांवर 65, मालकाने धरलेल्या कुत्र्याच्या पाठीवर हात 85, मोकळ्या कुत्र्यासोबत एका खोलीत 95. पस्तीस-चाळीसच्या आसपास सुरुवात करा. शून्याजवळच्या पायऱ्यांवर रेंगाळून काही शिकायला मिळत नाही.

प्रत्येक वेळी आधी काय होईल असं वाटतं ते एका वाक्यात लिहा, जसं: 'पट्टा तोडून तो अंगावर येईल.' नंतर त्याखाली प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. सराव मात्र मालक हजर असलेल्या, शांत, लसीकरण झालेल्या पाळीव कुत्र्यावरच करा. अनोळखी भटक्या कुत्र्याचा धोका खरा असतो, त्याच्यावर सराव नकोच.

प्रत्येक पायरीवर भीती पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं का?

नाही. जे होईल असं लिहिलं होतं ते झालं नाही, हे तुम्हाला स्पष्ट दिसेपर्यंत थांबा. फक्त भीती शिगेला असताना निघू नका.

दोन महिने रोज शेजाऱ्यांच्या कुत्र्यासमोर उभी राहते. नवरा सोबत असतो, पर्समध्ये गोळी असते. भीती तसूभरही कमी नाही. ही पद्धत मला लागू पडत नाही का?

पद्धत अजून पुरती सुरूच झालेली नाही. तुम्ही सामना करताय, पण भीती वाटली की आपण जे करतो ते रोखण्याचा भाग राहून गेलाय. 'प्रतिसाद रोखणं' म्हणजे फक्त पळून न जाणं, असा समज इतका पसरला आहे की माणसं महिनोन् महिने वाया घालवतात आणि शेवटी 'माझी भीतीच वेगळी' असं ठरवून मोकळी होतात.

तुम्ही दहा पावलांवर उभ्या राहिलात आणि कुत्रा अंगावर आला नाही. मनाने नोंद काय केली? 'नवरा होता म्हणून वाचले.' उद्या तो नसेल तर धोका आहेच, असा त्याचा अर्थ. श्रेय आधाराला गेलं आणि मूळ समजूत शाबूत राहिली. हे आधार ओळखू येत नाहीत, कारण ते फार लहान असतात: पर्स पोटाशी धरणं, फाटकाजवळच उभं राहणं, मोबाइलकडे बघत राहणं, मनात आकडे मोजणं, मालकाला पुन्हा पुन्हा 'चावत नाही ना?' विचारणं. ओळखण्यासाठी एकच प्रश्न विचारा: हे काढून घेतलं तर मी इथे थांबेन का? उत्तर 'नाही' आलं, तर तोच तुमचा आधार.

सगळे एकदम काढू नका. अंतर तेच, दहा पावलं ठेवा. आधी मालकाला विचारणं थांबवा. मग नवरा फाटकाबाहेर, नंतर घरी. पुढे पर्सही घरी. एकेक आधार सुटला की आकडा काही काळ वर जाईल. ते बिघडल्याचं लक्षण नाही, आता खरी परीक्षा होते आहे. हे जमल्यावर कुत्रा बदला, जागा बदला. एकाच कुत्र्यापाशी शिकलेलं दुसऱ्यापाशी आपोआप पोचत नाही.

गोळीबद्दल स्वतंत्र सांगतो. सरावाआधी घेतलेली शामक गोळी शिकण्याच्या आड येऊ शकते. पण नियमित चालू असलेलं औषध स्वतःच्या मनाने बंद करणं धोक्याचं आहे. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या.

'एका बैठकीत फोबिया कायमचा बरा, हमीसह' अशी जाहिरात पाहिली. खरं असतं का?

एका बैठकीचा उपचार खरा आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1989 मध्ये तो मांडला. पण ती बैठक तीन तासांपर्यंत चालते, आधी नीट तपासणी असते आणि नंतर सराव स्वतः चालू ठेवावा लागतो. हमी देणाऱ्याला एवढंच विचारा: बैठकीत प्रत्यक्ष सामना करायला लावणार का? उत्तर गोलमोल आलं तर पैसे देऊ नका.

रक्त किंवा सुई दिसली की मी बेशुद्ध पडतो. हीच पायऱ्यांची पद्धत वापरू?

पायऱ्या त्याच, पण आधी एक तंत्र शिका. इथे रक्तदाब चढून मग झपकन उतरतो, त्यामुळे 'अंग सैल सोड, खोल श्वास घे' हा ऐकीव सल्ला उलटा पडू शकतो. बसून हात, पाय आणि धडाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळा, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद नेहमीच्या स्थितीत या, गळून जाऊ नका. असं पाच वेळा. आठवडाभर रोज सराव करा आणि मगच पहिली पायरी घ्या. सुई टोचणार तो हात मात्र सैल ठेवायचा. आणि हे सगळं फिजिशियनकडून तपासणी झाल्यावर: बेशुद्धीमागे हृदयाचं कारण नाही, हे त्यांनी सांगेपर्यंत सुरू करू नका.