वांग पोटावर का येत नाही?

"बाळंतपणात गालांवर वांग आला, तो जातच नाही. गोळ्या सुरू केल्यापासून आणखी गडद झालाय. माझं लिव्हर बिघडलंय का? रक्त अशुद्ध आहे का?"

कुटुंबनियोजनाच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या बायकांकडून हे मी सतत ऐकते. म्हणून त्यांतल्या एकीशी झालेलं बोलणं इथे मांडते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. भेटी बऱ्याच झाल्या, त्यातलं इतरींच्या उपयोगाचं तेवढंच लिहिते.

वय बत्तीस, प्राथमिक शाळेत शिक्षिका, दोन मुलं. दुसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी छटा उमटली. बाळंतपणानंतर ती हळूहळू बरीच फिकी झाली. बाळ वर्षाचं झाल्यावर तिने माला-डी सुरू केली आणि काही महिन्यांतच डाग परतले. या वेळी कपाळावरही. सासूबाईंनी अंगात उष्णता आहे म्हणून सब्जा आणि गुलकंद सुरू केला. शेजारणीने लिंबू चोळायला सांगितलं. मेडिकलच्या दुकानातून एक ट्यूब आणली, तिने तीन आठवड्यांत चेहरा लख्ख उजळला. ट्यूब थांबवली तशी आग, लाली आणि बारीक पुळ्या आल्या, आणि मागोमाग डाग पूर्वीपेक्षा काळे होऊन परतले. एका त्वचारोगतज्ज्ञांनी सनस्क्रीन लिहून दिलं होतं, तेवढं मात्र तिने उघडलंही नव्हतं.

का उघडलं नाही, हे मी विचारलं. माणूस जे उपाय करतो आणि जे टाळतो, ते त्याच्या मनातल्या कारणाला धरूनच असतं, अशी माझी पक्की धारणा आहे. ते कारण हाती लागेपर्यंत मी सल्ला देत नाही.

ती म्हणाली, "मॅडम, आतलं काहीतरी नासलंय, ते चेहऱ्यावर आलंय. आतून आलेल्याला बाहेरून क्रीम लावून काय होणार?"

सब्जा, गुलकंद, रक्तशुद्धीचा काढा, सगळं या एका वाक्यातून आलं होतं. घराबाहेर पडताना वाटणारी लाजही त्यातूनच. "सनस्क्रीन लावत जा" असं मी दहा वेळा सांगितलं असतं तरी ते वाक्य जागचं हललं नसतं. म्हणून मी सांगितलं काहीच नाही, फक्त विचारलं.

"रक्तात काही बिघडलं असेल तर ते रक्त कुठे कुठे जातं?"

"सगळीकडे."

"मग वांग पाठीवर आहे? दंडावर, ब्लाउजच्या बाहीच्या आत?"

"नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "पण गरोदरपणात पोटावर काळी रेघ आली होती की. बेंबीपासून खाली."

हा मुद्दा तिने स्वतः काढला याचा मला मनापासून आनंद झाला, कारण खरी गाठ तिथेच सुटते. मी विचारलं, "ती रेघ आता कुठे आहे?"

"गेली. बाळ बसायला लागलं तोवर गेली होती."

"दोन्ही एकाच गरोदरपणात आले. पोटावरची रेघ गेली आणि गालावरचा डाग राहिला. पोटात आणि गालात फरक काय?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाली, "पोटाला ऊन लागत नाही."

त्या दिवशी मी पुढे फार बोलले नाही. स्वतःच्या तोंडून आलेलं वाक्य घेऊन ती घरी गेली. पुढच्या भेटीत तिने जे विचारलं ते उपायाचं होतं, दोषाचं नव्हतं.

आता कारण नीट सांगते. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. वांगाच्या डागात त्यांची संख्या फारशी वाढलेली नसते, त्यांचं काम वाढलेलं असतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचा संदेश घेणाऱ्या जागा त्या डागातल्या त्वचेत जास्त आढळतात. संदेश पोचला की रंग बनवणारं टायरोसिनेज नावाचं विकर वाढतं, मेलॅनिनचे कण जास्त बनतात आणि आजूबाजूच्या पेशींत पाठवले जातात. गरोदरपणात ही दोन्ही हार्मोन्स खूप वाढतात, शिवाय रंगपेशींना थेट चेतवणारं आणखी एक हार्मोनही वाढतं. म्हणून रेघ, स्तनाग्रांचा काळसरपणा आणि वांग त्या काळात एकत्र दिसतात. पण हार्मोनने जागी झालेली पेशी चेहऱ्यावर रोज उजेडही झेलते. प्रसूतीनंतर हार्मोन उतरतं, उजेड मात्र तसाच राहतो. प्रत्येकीला वांग येत नाही, कारण या पेशी किती चटकन चेततात हे बरंचसं आनुवंशिक असतं. हिच्या आईलाही वांग होता, हे तिला नंतर आठवलं.

म्हणजे तिचं हार्मोन वाढलेलं नव्हतं, रक्त खराब नव्हतं आणि लिव्हरचा संबंध नव्हता. थायरॉइडच्या विकाराशी मात्र वांगाचा संबंध आढळतो. थकवा, वजनात बदल किंवा पाळीची गडबड असेल तर ती तपासणी करून घ्यावी.

मग गोळ्यांचा विषय निघाला. माला-डीच्या पाकिटातल्या २१ गोळ्यांत प्रत्येकी ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, उरलेल्या ७ लोहाच्या. प्रमाण थोडं आहे, पण आधीच चेतलेल्या पेशींना ते पुरतं. हे ऐकताच ती म्हणाली, "मग आजपासूनच बंद." तिला थांबवावं लागलं. मध्येच गोळ्या सोडल्या आणि दुसरं साधन नसलं तर दिवस राहू शकतात, आणि गरोदरपण हे तर वांगाचं सगळ्यात मोठं निमित्त. तिने चालू पाकीट पूर्ण केलं, तपासणी करून कॉपर-टी बसवून घेतली. कॉपर-टी ३८० ए मध्ये हार्मोन नसतं आणि ती दहा वर्षं चालते. पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून आधी हिमोग्लोबिन पाहिलं. तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन तिच्या मनात होतं, पण तेही हार्मोनचंच असल्यामुळे वांग असलेल्या बाईला मी ते पहिला पर्याय म्हणून सुचवत नाही.

याच सुमारास मैत्रिणीने तिला "वांगाची गोळी" सांगितली. ती ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची. ही गोळी वांगावर खरोखर वापरतात, पण तिचं मूळ काम रक्त गोठलेलं टिकवणं. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच थोडा वाढलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत. गुठळीचा, पक्षाघाताचा किंवा हृदयविकाराचा इतिहास असेल तर ती मुळीच चालत नाही. डॉक्टर ती देताना गर्भनिरोधक कोणतं घेता हे विचारतात. नाही विचारलं, तर आपण सांगायचं.

सनस्क्रीन तिने आता उघडलं, पण वाटाण्याएवढं घ्यायची. तेवढ्याने पाकिटावरच्या आकड्याचं संरक्षण मिळत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढायची. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. एसपीएफ ३० किंवा जास्त, निघण्याआधी १५ ते २० मिनिटं, आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा. वरचा ओठ हमखास राहतो, आणि डाग तिथे सगळ्यात हट्टी असतो. शाळेत तिची खुर्ची खिडकीशी होती. काच बंद असली तरी अतिनील किरणांतला 'ए' प्रकार बराचसा आत येतो, म्हणून खुर्ची हलवली.

आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत आणखी एक गोष्ट महत्त्वाची असते. नुसता दिसणारा उजेड, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, रंगपेशींना चेतवतो. साधं पांढरं किंवा पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. त्वचेच्या रंगाच्या सनस्क्रीनमध्ये आयर्न ऑक्साइड असतं, ते अडवतं. घटकांच्या यादीत Iron Oxides किंवा CI 77491, CI 77492, CI 77499 असं लिहिलेलं दिसतं. रंगीत सनस्क्रीन परवडत नसेल तर साध्या सनस्क्रीनवर हेच घटक असलेलं फाउंडेशन लावलं तरी चालतं. स्कूटरवरचा स्कार्फ दिव्यासमोर धरून पाहायला सांगितला. तिच्या मलमलीतून दिवा सरळ दिसत होता. ती जाड विणीचा, गडद सुती स्कार्फ वापरू लागली.

दुकानातली ती ट्यूब म्हणजे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचं मिश्रण. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे, रात्री, डागापुरती लावली तर ती वांगावर चांगलं काम करते. गोरेपणाचं क्रीम म्हणून महिनोन्‌महिने चेहराभर चोपडली की स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि थांबवताच आग सुरू होते. तिला झालं ते हेच. तिच्या डॉक्टरांनी आधी दोन महिने त्वचा शांत होऊ दिली, मगच अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड सुरू केलं. लिंबू पूर्ण बंद. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की दाह होऊन नवा काळेपणा येतो.

किती दिवसांत जाईल, हे ती दर भेटीला विचारायची. वरच्या थरातला रंग पेशी झडतात तसा निघतो, त्यामुळे दोन-तीन महिन्यांआधी फरक जोखायचा नाही. आरशाऐवजी महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळेला फोटो काढायचा असं ठरलं. चौथ्या फोटोत कपाळ जवळपास साफ होतं आणि गालांवर कडा विरल्या होत्या. ओठावरची छटा उरली. खालच्या थरात उतरलेला रंग फार सावकाश जातो, कधी पूर्ण जातही नाही. मे महिन्यात गाल पुन्हा थोडे गडद झाले. तेव्हा ती घाबरून न येता फोनवर म्हणाली, "सुट्टीत दुपारचं सनस्क्रीन चुकत होतं, सुरू केलंय."

सध्या गरोदर असाल तर सनस्क्रीन, विशेषतः झिंक ऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइडचं, निर्धास्त वापरा. फारच त्रास वाटला तर अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडबद्दल डॉक्टरांना विचारा. ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन प्रसूतीपर्यंत दूर ठेवा. आणि डाग एकाच बाजूला असेल, खाजत असेल, राखाडी-निळसर असेल किंवा केसांच्या कडेने आणि मानेवर पसरत असेल, तर तो वांग नसण्याची शक्यता मोठी. त्यामागे केसांचा डाय किंवा कुंकवातला रंग असू शकतो. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना डाय, कुंकू आणि क्रीमची पाकिटं सोबत न्या.