भाड्याच्या घरासाठी कागदपत्रं देताना: एक नंबर काळा केला तरी तो आणखी चार ठिकाणी असतो

"पुण्यात फ्लॅट भाड्याने घेतोय. एजंट म्हणतो आधार, पॅन, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट व्हॉट्सॲपवर टाका, मालकाला दाखवायचंय. आधार नंबर आणि अकाउंट नंबर पीडीएफमध्ये काळे करून पाठवले तर पुरेसं आहे का?"

पुरेसं नाही. आणि यातलं अर्धं पाठवायची मुळात गरजच नाही. हीच यादी, याच शब्दांत, मला आली होती म्हणून सविस्तर लिहितोय. मी वकील नाही की बँकवाला नाही, तेव्हा हे एका भाडेकरूचं मत समजा.

आधी मालकाला काय हवंय ते बघा. त्याला दोनच गोष्टी कळायला हव्यात: तुम्ही म्हणता तेच तुम्ही आहात का, आणि दर महिन्याला भाडं येईल का. पहिल्यासाठी मास्क केलेलं आधार पुरतं. दुसऱ्यासाठी एका महिन्याची सॅलरी स्लिप, तीही नाव, कंपनी, महिना आणि हातात येणारी रक्कम एवढंच दिसेल अशी. स्टेटमेंट यात कुठेच बसत नाही. ते कर्ज देणाऱ्याला लागतं, घर देणाऱ्याला नाही.

स्टेटमेंटवर मी एवढा का अडून बसतो ते सांगतो. तुमचं स्वतःचं एक उघडा आणि वरून खाली वाचा. पहिल्या पानावर नाव, पत्ता, मोबाईल, ईमेल, खाते क्रमांक, कस्टमर आयडी, आयएफएससी, काही बँकांत नॉमिनीची माहितीही. खाते क्रमांक पुढच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुन्हा. मग व्यवहारांच्या ओळी: ज्यांना यूपीआय केलं त्यांची नावं आणि आयडी, बऱ्याच आयडींत त्यांचे मोबाईल नंबर, ईएमआयच्या ओळीत कर्जखात्याचा नंबर, विम्याच्या ओळीत पॉलिसी नंबर. मुलांची शाळा, आईचा डॉक्टर, सगळं तारखेनिशी. म्हणजे वरचा एक नंबर काळा करून तुम्ही काहीच लपवलेलं नसतं, आणि वर इतरांची माहितीही त्यांना न विचारता देऊन बसता. फाइलचं नावही बघून घ्या, काही बँका त्यातच खाते क्रमांक घालतात. आणि फाइलला पासवर्ड असेल तर लोक सोबत लिहितात, "पासवर्ड माझी जन्मतारीख". झालं, तीही गेली.

आता माझ्या बाबतीत काय झालं ते. एजन्सीचं नाव घेत नाही. मी मास्क केलेलं आधार आणि झाकलेली स्लिप दिली होती. ऑफिसातून फोन आला, "सर, ब्लर डॉक्युमेंट सिस्टीम घेत नाही, क्लिअर टाका." ही सिस्टीम म्हणजे काय, तर ऑनलाइन ड्राइव्हवरचं एक फोल्डर. लिंक ज्याच्याकडे त्याला उघडं. हे मला नंतर कळलं, कारण तीच लिंक त्यांनी दुसऱ्या एका भाडेकरूला चुकून पाठवली आणि त्या भल्या माणसाने मला मेसेज केला. तोवर घर हातचं जाईल या धाकाने पॅन आणि पूर्ण स्लिपा वर चढलेल्या होत्या. काही महिन्यांनी गृहकर्जासाठी अर्ज केला तेव्हा क्रेडिट रिपोर्टमध्ये माझ्या पॅनवर कुठल्याशा लोन ॲपचं छोटं थकीत कर्ज निघालं. ते याच फोल्डरमुळे झालं हे मला आजही सिद्ध करता येत नाही. खरा मनस्ताप तिथेच झाला. एजन्सी म्हणते आमच्याकडून काही गेलं नाही, कर्जवाले म्हणतात केवायसी तुमचंच आहे, आणि बँक म्हणते नोंद साफ करून या, मग बघू. गृहकर्ज तेवढ्यावर लटकलं आणि हवा असलेला फ्लॅट गेला.

ही वेळ कुणावर आली असेल तर: चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढा. चुकीच्या नोंदीवर ब्युरोकडेच डिस्प्युट टाका. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. पैशापेक्षा त्याचा उपयोग पत्रात उल्लेख करायला होतो, फाइल हलते. सोबत सायबर तक्रारही करून ठेवा, पावती सगळीकडे मागतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न, काळं करण्याचा. पीडीएफवर काळा चौकोन काढणं म्हणजे मजकुरावर कागदाची पट्टी ठेवणं. पट्टी उचलली की खाली सगळं तसंच असतं. तपासायचं असेल तर काळं करून सेव्ह केलेल्या फाइलमध्ये सर्चला जाऊन तुमच्या खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे शोधा. सापडले तर काही झाकलेलं नाही. किंवा सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा, नंबर अलगद बाहेर येतो. क्रॉपचंही तेच, बऱ्याच प्रोग्रॅममध्ये पीडीएफचं पान क्रॉप केलं तरी कापलेला भाग फाइलमध्येच राहतो. मोबाईलवरच्या मार्करचा वेगळा घोळ. तो अर्धपारदर्शक असतो, तीन-चार वेळा फिरवला की डोळ्याला काळा दिसतो, पण फोटोचा ब्राइटनेस वाढवला की आकडे वर येतात. मार्कर नको, भरीव चौकोन घ्या.

सरळ उपाय म्हणजे पानाचं चित्र करणं. फोनवर स्लिप उघडा, स्क्रीनशॉट घ्या, नको ते भरीव चौकोनाने झाका, मग त्या झाकलेल्या चित्राचा पुन्हा स्क्रीनशॉट घ्या आणि फक्त हा शेवटचा पाठवा. दुसरा स्क्रीनशॉट लोकांना खुळेपणा वाटतो. पण २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या आणि विंडोजच्या स्क्रीनशॉट कापण्याच्या सोयीत दोष निघाला होता, कापलेला भाग फाइलमध्ये मागे राहायचा. तो दुरुस्त झालाय, मी सवय सोडलेली नाही. लिनक्सवाल्यांसाठी, चौकोन काढून सेव्ह केलेल्या स्लिपवर:

```
pdftoppm -r 150 -png slip.pdf slip
img2pdf slip-*.png -o slip-final.pdf
```

यानंतर फाइलमध्ये मजकूर उरत नाही, फक्त चित्र राहतं. चित्र उघडून चौकोन जागेवर आलेत का ते बघा आणि सर्चची वरची चाचणी पुन्हा करा.

स्लिपमध्ये काय झाकायचं? इथे बहुतेकांची नजर चुकते. पॅनकार्ड वेगळं द्यायचं नाही असं ठरवतात, आणि स्लिपच्या डाव्या कोपऱ्यात पॅन छापलेलाच असतो. शेजारी यूएएन, पीएफ नंबर, बँकेचा खाते क्रमांक, कधी जन्मतारीख. म्हणून कागद एकेक करून तपासू नका. पाठवायचे सगळे कागद स्क्रीनवर शेजारी-शेजारी ठेवा आणि एकेक नंबर घेऊन तो कुठे-कुठे दिसतो ते शोधा.

आधारचं मास्किंग स्वतः करत बसू नका. myaadhaar.uidai.gov.in वर ओटीपीने लॉगिन करून डाउनलोड करताना मास्क केलेली प्रत मागता येते, त्यात पहिले आठ आकडे झाकून येतात. घरातल्या जुन्या कार्डाचा फोटो काढून नंबरावर बोट ठेवणाऱ्यांनी क्यूआर कोड विसरू नये. जुन्या छापील कार्डांच्या कोडमध्ये पूर्ण आधार क्रमांक साध्या मजकुरात असायचा, कुठल्याही स्कॅनरने वाचता येतो. नव्या कोडमध्ये शेवटचे चारच आकडे असतात. डाउनलोड केलेल्या प्रतीचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष असा ठरलेला आहे, त्यामुळे पासवर्ड आहे म्हणजे सुरक्षित आहे असं धरू नका.

चित्रावर तिरकं लिहा: "फक्त भाडेकरारासाठी", घराचा भाग, महिना-वर्ष आणि कुणाला दिलं त्याचं नाव. कोपऱ्यात नाही, फोटो आणि नावावरून जाईल असं. यामुळे चोर थांबतो असं माझं म्हणणं नाही, पण उद्या तो कागद कुठे सापडलाच तर कुणाकडून गेला हे कळतं. माझ्याकडे तेवढंच नव्हतं, म्हणून ती एजन्सी हात झटकून मोकळी झाली.

"सिस्टीम घेत नाही" म्हणाले तर वाद घालू नका. "कुठला आकडा वाचता येत नाहीये आणि तो कशासाठी लागतो, ते मेसेजवर लिहून द्या" एवढंच म्हणा. लिहून कुणी देत नाही, आणि निम्म्या वेळा तेच कागद चालून जातात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती त्या कामापुरत्या लागणाऱ्या माहितीलाच असते असं म्हटलंय. त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत, त्यामुळे एजंटासमोर कलम फेकून काही होत नाही. थेट मालकाला भेटून लॅपटॉपवर दाखवणं जास्त चालतं. मी पुढचं घर तसंच घेतलं.

करार ऑनलाइन नोंदवताना मात्र पूर्ण आधार क्रमांक लागतो आणि अंगठा द्यावा लागतो. तिथे तो आकडा आपल्या हाताने टाइप करा, आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मागितला तर देऊ नका. बायोमेट्रिक लॉक लावलेलं असेल तर त्या दिवसापुरतं उघडा, नाहीतर अंगठा उठत नाही आणि मशीनवाला सर्व्हरला शिव्या घालत बसतो. काम झालं की परत लावा.

खाते क्रमांक तुम्ही द्यायची वेळ एकच, डिपॉझिट परत घेताना. तेव्हा नंबर आणि आयएफएससी मेसेजमध्ये टाइप करा. कॅन्सल चेकच हवा म्हणाले तर त्यावर सही करू नका, कॅन्सल चेकला सही लागत नाही. आणि पॅनचं म्हणाल तर तुम्हालाच मालकाचा लागेल. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं आणि एचआरए घ्यायचा असेल तर कंपनी तो मागते. करार करतानाच घेऊन ठेवा, मार्चमध्ये मालक फोन उचलत नाहीत.